तिरका काप

ब्लेडकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं आता दोनच उरली होती: एक दातांचा डॉक्टर आणि दुसरा बँकेतला कारकून. बाकी सगळ्यांचे ते ब्लेडकाका. ज्या जमान्यात आवाज चपट्या तपकिरी पट्टीवर उतरायचा आणि चूक झालेला तुकडा दाढीच्या ब्लेडने कापून काढावा लागायचा, त्या जमान्यात ते या कामाला लागले. उजव्या अंगठ्यावरचे तीन पांढरे व्रण त्याच काळातले. नवा माणूस आला की ते तो अंगठा आधी दाखवायचे, मग चहा विचारायचे.

काम मोठं नव्हतं, पण नेक होतं. न दिसणाऱ्या माणसांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. दोन खोल्यांचा स्टुडिओ. आतल्या खोलीत वाचणारा बसे, बाहेरच्या खोलीत काका. मध्ये जाड दुहेरी काच. वाचणारा चुकला की थांबे, वाक्य पुन्हा म्हणे, आणि काका चुकीचं वाक्य काढून बरोबरचं त्या जागी बसवत. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांचं अडखळणं, खोकणं, पोटातली गुरगुर, एकदा तर एका प्राध्यापकाची अस्सल शिवीसुद्धा गुपचूप केराच्या टोपलीत टाकली होती. “माझ्या हातून गेलेल्या पुस्तकात सांधा दाखवा आणि मला फासावर द्या,” असं ते म्हणत. कुणी दाखवला नव्हता. त्यामुळे मान ताठ, आणि आवाज जरा जास्तच.

वाचणाऱ्यांत सगळ्यात जुन्या होत्या काकांच्या थोरल्या बहीण, ताई. निवृत्त शिक्षिका. वय एकाहत्तर. चाळीसेक पुस्तकं त्यांनी वाचली होती, आणि ऐकणाऱ्यांत त्यांचे भक्त होते. ज्यांनी ताईंना कधी पाहिलं नाही आणि पाहणारही नाहीत, अशी माणसं त्यांना वाढदिवसाला फोन करत. नवरा गेल्यावर बाईंना सावरलं ते या वाचनाने, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं.

यंदा ताईंना नवी कवळी बसली होती. त्यात दमही कमी पडू लागला होता. लांब वाक्याच्या शेवटी त्या पोचत नसत, मग थांबून म्हणत, “पुन्हा घेते रे.” एका जाडजूड प्रवासवर्णनात असं “पुन्हा घेते” इतक्या वेळा झालं, की शेवटच्या दिवशी काचेपलीकडून त्या रडवेल्या झाल्या.

“अरे, लोकांना कळेल मी म्हातारी झाले ते.”

“ताई, माझा शब्द,” काका म्हणाले. “तुझं एकही अडखळणं या खोलीच्या बाहेर जाणार नाही.”

अडखळणं बाहेर नाहीच गेलं. काकांनी सगळं काढलं. नऊ तासांच्या पुस्तकात सहाशे अकरा काप घातले आणि तपासणीच्या कागदावर स्वतःच सही ठोकली: ‘ऐकले, ठीक.’ नियमाप्रमाणे ही सही ऑपरेटरची. ऑपरेटर म्हणजे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, जन्मापासून न दिसणारे गृहस्थ. दर पुस्तक बाहेर जाण्याआधी ते कानाखालून घालत. पण ते गावाला गेले होते, ताईंना पुस्तक लवकर ऐकायचं होतं, आणि काकांचं म्हणणं असं, की मी केलेलं काम दुसऱ्याने काय तपासायचं? घरच्या म्हातारीला दाराशी कुणी ओळखपत्र मागतं का?

तीन आठवड्यांत निरोप यायला लागले. ऐकणारे मोठे सभ्य. कुणी म्हणालं, वाचन नेहमीसारखंच गोड, फक्त मधूनमधून बारीक ‘टक’ होतं. कुणी म्हणालं, नखाने नख उडवल्यासारखं. एक आजोबा म्हणाले, “हेडफोन लावला की फार जाणवतं. बाईंची तब्येत बरी आहे ना?”

काकांनी पुस्तक लावलं. आपल्या जुन्या मोठ्या स्पीकरवर, पंखा चालू ठेवून, अर्धा तास कान टवकारून ऐकलं. टक नाही की टिक नाही. पण इतकी माणसं खोटं कसं बोलतील? मग सोमवारच्या बैठकीत व्यवस्थापकांनी सर्वांसमोर विचारलं, “काका, हा आवाज कसला?” आणि काकांच्या तोंडून, काही विचार न करता, एक वाक्य बाहेर पडलं.

“कवळीचा असेल. ताईंनी नवी बसवलीय.”

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आपण दुसऱ्यांसाठी राखून ठेवतो. खोलीत दोघंतिघं हसले. प्रश्न मिटला. काका निर्धास्त झाले, आणि त्याच संध्याकाळी बहिणीच्या घरी जाऊन, आपण फार हळुवारपणे सांगतोय अशा समजुतीत, म्हणाले, “ताई, एक बारीकशी गोष्ट. तुझी कवळी जराशी वाजते. डॉक्टरला दाखवून घे.”

ताईंनी एकदम तोंडावर हात धरला. “लोकांना ऐकू गेलं?”

“थोडंसं.”

“तुला कापता नाही आलं?”

“सगळीकडेच आहे गं. किती कापणार?”

हे वाक्य काकांना पुढे फार महागात पडलं. त्या वेळी मात्र ते समोरचा चहा पिऊन घरी गेले.

ताई डॉक्टरकडे तीनदा जाऊन आल्या. डॉक्टरने कवळी घासली, घट्ट केली, शेवटी म्हणाला, “बाई, हिला काहीही झालेलं नाही, तुमचा भ्रम आहे.” भ्रम कसा असेल? भावाने ऐकलंय, आणि भावाच्या कानाला तोड नाही! त्यांनी कवळी काढून वाटीत ठेवली. पुढचं पुस्तक परत पाठवलं. फोनवर एका शब्दात उत्तरं द्यायला लागल्या. मऊ कालवून, गिळून जेवायला लागल्या. काका भेटायला गेले की त्या तोंडावर पदर धरून बसत, आणि काका मनात म्हणत, वय झालं, हट्टी झाली. असे चार महिने गेले.

स्टुडिओत दुसरी संपादक होती. पस्तिशीची, दोन मुलांची आई. ती घरून येतानाच हेडफोन गळ्यात घालून येई, म्हणून तिचं नाव हेडफोनवाली पडलं होतं. काकांचं तिच्याशी वाकडं नव्हतं, पण सरळही नव्हतं. वर्षाच्या सुरुवातीला संगणकात नवा प्रोग्राम आला. त्यात आवाज कापला की प्रत्येक कापावर आपोआप एक छोटी तिरकी फुली उमटे. काका भडकले होते. “माझ्या कापावर हे यंत्र कसली फुली मारतंय? मी काय परीक्षेला बसलोय?” ती म्हणाली होती, “काका, तो क्रॉसफेड आहे, असू द्या.” ते म्हणाले, “ज्याला नीट कापता येत नाही त्याला असू दे,” आणि आपल्या संगणकावरची ती सोय बंद करून टाकली. ती आपल्या कामाला लागली. ज्याच्या अंगठ्यावर तीन व्रण आहेत त्याच्याशी कोण वाद घालणार?

तर चार महिन्यांनी, एका दुपारी, नव्या प्रोग्रामवर काकांनी केलेलं दुसरं पुस्तक तपासून ऑपरेटर बाहेर आले. हे पुस्तक एका तरुण वकिलाने वाचलं होतं. बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत.

“काका,” ऑपरेटर म्हणाले, “या वकिलांनाही कवळी आहे का हो?”

त्यांनी टोमणा मारला नव्हता, हे काकांना नंतर कळलं. त्यांना खरंच विचारायचं होतं. पण हेडफोनवालीने कळफलकावरचे हात काढले आणि खुर्ची फिरवली.

“ऑपरेटरसाहेब, एक काम करा,” ती म्हणाली. “मी ताईंचं पुस्तक लावते. टक ऐकू आलं की टेबलावर बोट आपटा. बाकी काही बोलू नका. काका, तुम्ही पडद्याकडे बघा.”

तिने ऑपरेटरांच्या कानांना हेडफोन लावला. पडद्यावर ताईंचा आवाज डोंगरांच्या रांगेसारखा पसरला होता, आणि त्यात जागोजाग काकांच्या कापांच्या उभ्या रेघा. वाचन कुठवर आलं ते दाखवणारी रेघ डावीकडून सरकू लागली. पहिल्या उभ्या रेघेला टेकली. ऑपरेटरांचं बोट टेबलावर पडलं.

काकांना वाटलं, योगायोग.

दुसरी रेघ. बोट. तिसरी. बोट. मग बराच वेळ काप नव्हता. ताई एका दमात अर्धं पान वाचत होत्या, ‘ट’ आणि ‘क’ आणि ‘च’ भरलेलं अर्धं पान, जिथे कवळी वाजायची असेल तर हमखास वाजली असती. बोट हललं नाही. मग काप आला, आणि बोट पडलं. ज्या माणसाला पडदा दिसत नव्हता, तो पडद्यावरची काकांची प्रत्येक रेघ बोटाने मोजत होता.

पंचविसाव्या वेळी काका म्हणाले, “बास.”

“पण मी तर थांबलेल्या जागी कापलंय,” ते म्हणाले. “शब्दांच्या मधे. तिथे आवाजच नाही, तर वाजेल काय?”

हेडफोनवालीने एक रेघ निवडली आणि मोठी केली, आणखी मोठी केली, इतकी की डोंगर गेले आणि उरला एक बारीक, डुलणारा धागा. “ही शांतता,” ती म्हणाली. “खोलीची घरघर आहे यात. एसीची, तारांची. शांतता म्हणजे रिकामं नसतं, काका. हा बघा, धागा इथे वर चाललाय. इथे तुमचा काप. आणि कापापलीकडे दुसऱ्या वेळचा धागा सुरू होतो तो इथून, खालून.” मधे पायरी होती. उभी, कडेलोटासारखी. “स्पीकरच्या आतल्या थरथरत्या पडद्याला इथून तिथे एका क्षणात उडी मारावी लागते. ती उडी म्हणजे टक.”

“मला का नाही ऐकू येत?”

काका सदुसष्ट वर्षांचे होते. बारीक, धारदार आवाज कानातून आधी जातात, हे त्यांनी वाचलं होतं, इतरांविषयी.

हेडफोनवालीने विषय बदलला. कदाचित दयेने. “काका, पट्टीच्या वेळी तुम्ही ब्लेड तिरकं का धरायचात?”

“तिरकं धरावंच लागतं,” काका सवयीने म्हणाले. शंभर नवख्यांना त्यांनी हे शिकवलं होतं. “पट्टी ठेवून कापायच्या ठोकळ्याला तिरकी खाचच असते. तिरकं कापलं की एक आवाज हळूच सरतो आणि त्याच वेळी दुसरा हळूच चढतो, दोघं एकमेकांवरून जातात. सरळ कापलं तर सांध्यावर टक…”

त्यांची नजर पडद्यावरच्या त्या उभ्या पायरीवर गेली.

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. “ती फुली म्हणजे तोच तिरका काप,” एवढंच ती म्हणाली. “सेकंदाचा शंभरावा भाग. जुन्या प्रोग्राममध्ये तो आपोआप व्हायचा, पडद्यावर दिसायचा नाही.”

म्हणजे आधीची पंधरा वर्षं यंत्र मुकाट्याने त्यांची अब्रू सांभाळत होतं, आणि ज्या दिवशी ते दिसलं त्या दिवशी काकांनी त्याला हाकलून दिलं. आणि बहिणीचे दात काढले. काकांना आठवली ती वाटी. पाण्याने भरलेली, ताईंच्या खिडकीतली. आणि त्या वाटीसमोर बसून आपण चहा प्यालो, तेही आठवलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्यांना सदुसष्टाव्या वर्षी भर दुपारी समजलं.

हेडफोनवालीने सगळे काप एकदम निवडले, एक कळ दाबली. सहाशे अकरा फुल्या उमटल्या. मिनिटभरही लागलं नाही. ऑपरेटरांनी पुन्हा हेडफोन लावला, आणि तिने एकेक काप, मागचे-पुढचे दोन क्षण धरून, त्यांना ऐकवला. बोट टेबलावर नुसतं पडून राहिलं. तीनच जागी ते हललं. तिथे काकांनी काप शब्दाला अगदी चिकटवून घातला होता. दोन तुकडे एकमेकांवर चढवायचे तर कापापलीकडे लपलेला थोडा आवाज आत घ्यावा लागतो. इथे त्या थोड्यात ताईंच्या टाकून दिलेल्या अक्षराची शेपटी आली होती. त्या तीन जागा काकांनी स्वतः केल्या. एका ठिकाणी फुली आखूड केली, दोन ठिकाणी काप शब्दापासून जरा मागे, श्वासाच्या आधी सरकवला. प्रत्येक वेळी ते ऑपरेटरांना विचारत, “आता?” आणि ऑपरेटर म्हणत, “आता ठीक.” तपासणीच्या कागदावरची आपली सही काकांनी खोडली आणि ऑपरेटरांच्या बोटाला सहीची जागा दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ताईंकडे गेले. वाटेत त्यांनी सोयीचं भाषण तयार केलं होतं: ताई, नवं तंत्र आलंय, तुझ्या कवळीचा आवाज काढून टाकला, आता निर्धास्त वाच. हे भाषण इतकं चांगलं होतं की त्यात कुणाचंच नुकसान नव्हतं. ताई वाचायला लागतील, भाऊ शहाणा ठरेल, आणि व्यवस्थापकाला सांगायला हेडफोनवाली जाणार नाही, एवढी ती चांगली होती.

दार ताईंच्या सुनेने उघडलं. ताई खिडकीशी बसल्या होत्या. गाल आत गेलेले, पदर तोंडावर. वाटी तिथेच होती. काकांनी हेडफोन त्यांच्या कानांना लावला आणि पुस्तक चालू केलं. ताई डोळे मिटून ऐकत राहिल्या. दहा मिनिटांनी त्यांचे डोळे भरले.

“गेलं रे,” त्या पदराआडून, बोबड्या आवाजात म्हणाल्या. “माझे दात गेले यातून. किती कष्ट घेतलेस माझ्यासाठी!”

काकांनी तोंड उघडलं. भाषण तयार होतं. एक ‘हो’ म्हटलं की पुरे होतं. तेवढ्यात पाच वर्षांची नात दारातून डोकावली आणि म्हणाली, “आजी आता बोलणार? गोष्ट सांगणार?”

“ही चार महिने रोज विचारते,” सून हळूच म्हणाली. “यांनी गोष्टच सांगायची बंद केलीय. म्हणतात, टकटक होते.”

काका खुर्चीवरून उठले आणि कुठे उभं राहावं ते न कळून खिडकीपाशी, वाटीशेजारी उभे राहिले.

“ताई, तुझे दात कधी वाजलेच नव्हते,” ते म्हणाले. “ते माझे काप होते. माझंच काम चुकलं. मला ऐकू येत नाही आताशा, आणि मी सोय बंद केली होती, आणि सगळ्यांनी विचारलं तेव्हा मी तुझं नाव सांगितलं.”

ताईंनी वाटीतली कवळी काढली, पुसली, भावासमोरच तोंडात बसवली. पदर खाली केला.

“तपासून बघितलंस का, सांगायच्या आधी?”

“नाही.”

“मी डॉक्टरला खोटं ठरवलं. तुला खरं धरलं.”

“हो.”

“चोर तो चोर,” ताई म्हणाल्या, “आणि वर त्याच्याच कानाची मी शपथ घ्यायची.” त्या ओरडल्या असत्या तर काकांनी ऐकून घेतलं असतं. लहानपणी काकांनी ताईंचा पुष्कळ ओरडा खाल्ला होता. पण त्या वर्गात निकाल सांगावा तशा बोलत होत्या. “त्या बैठकीत जेवढे होते तेवढ्यांना सांगायचं. ज्यांनी ज्यांनी निरोप पाठवले, त्या सगळ्यांना फोन करायचा. स्वतः. कुणाची तब्येत बरी नव्हती ते सांगायचं.”

“सांगतो.”

“आणि आता जा. मला हिला गोष्ट सांगायचीय.”

काकांनी सांगितलं. बैठकीत सांगताना त्यांनी टेबलाकडे बघून सांगितलं. अठरा जणांना फोन केले. अठराच्या अठरा जण म्हणाले, अहो, असं होतंच, एवढं काय त्यात. त्या आजोबांनी तर उलट त्यांनाच विचारलं, तुमची तब्येत बरी आहे ना? प्रत्येक फोनगणिक काकांची मान आणखी खाली गेली. एखाद्याने तरी शिवी घालायला हवी होती.

ताई पुन्हा वाचायला आल्या. एका पावसाळी सकाळी काचेपलीकडे बसल्या, चष्मा पुसला, पान उघडलं. काकांच्या संगणकावर आता प्रत्येक कापावर फुली उमटते, आणि काका तिच्याकडे जुन्या मास्तरांकडे बघावं तसं बघतात. ताईंनी पहिलं पान वाचलं. दोनदा अडखळल्या, दोनदा “पुन्हा घेते” म्हणाल्या. स्वच्छ वाचलं. दात चोख बसले होते.

पान संपलं तशा त्या थांबल्या. हात नकळत ओठांकडे गेला.

“टकटक नाही ना रे येत?”

त्यांना माहीत होतं. सगळं माहीत होतं. तरी विचारलं, आणि पुढेही दर पानानंतर त्या विचारत राहिल्या, त्या पुस्तकात आणि त्यापुढच्या पुस्तकातही.

दर वेळी काका हेडफोनवालीकडे वळून बघतात. ती मान हलवते, नाही. मग ते माइकचं बटण दाबतात आणि बहिणीला सांगतात, “नाही, ताई.”